हात न टेकता

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहाद्याच्या आमच्या जैन स्थानकात, म्हणजे उपासनेच्या जागी, बायका एकमेकींपुढे हात जोडतात आणि वर्षभरात मन दुखावलं असेल तर क्षमा मागतात. 'खमाऊं सा' म्हणायचं, समोरचीनंही तेच म्हणायचं, की झालं. मी दरवर्षी म्हणत आले. शंभर बायकांना म्हणते आणि एकीला मात्र गर्दीत, तिच्या पदराकडे बघत, पुटपुटल्यासारखं म्हणते. ती दाखूबाई. यंदा मी ठरवलं होतं की तिच्यासमोर बसून, काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. ठरवणं सोपं असतं म्हणा.

मी अनोखीबाई, कापडवाले उत्तमचंदजींची बायको. जिभेनं तिखट म्हणून गावात माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही.

आमच्या घरात सून बघायची एक रीत होती. मुलीला जमिनीवर मांडी घालून बसवायचं, तिच्या दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेल्या पेल्यांची थाळी द्यायची आणि सांगायचं, "ऊठ बेटा, मोठ्यांना पाणी दे." हात जमिनीला न टेकता, पाणी न सांडता उठली तर मुलगी पसंत. माझ्या सासूबाईंनी मला असंच उठवलं होतं. त्या म्हणायच्या, बाईचे हात कधी रिकामे नसतात. कडेवर पोर, हातात हंडा, म्हणजे उठायचं ते पायांच्याच जोरावर. शिवाय सामायिकाला, म्हणजे दोन घटका ध्यानाला, बसलं की पुंजणीनं, लोकरीच्या छोट्या कुंच्यानं, जागा झाडल्याशिवाय हात टेकायचा नाही, खाली एखादी मुंगी असली तर ती मरेल. तेव्हा बिनहाती उठणारी बाई अंगानं धडधाकट आणि धर्मानं जपणारी, असा आमचा हिशेब. जी हात टेकेल तिच्या कंबरेत दोष, पायात जोर नाही, बाळंतपण जड जाणार. झालं, निकाल लागला.

बत्तीस सालच्या माघात मी, माझी बहीण बदामबाई आणि माझा मुलगा भीकमचंद असे छकड्यातून सारंगखेड्याला गेलो. दाखू पंधराव्या वर्षात होती. तिच्या वडिलांचं शेतकऱ्यांच्या वस्तीत किराणा दुकान. पोर सगळी तिथल्या पोरींत वाढलेली, त्यामुळे मारवाडीपेक्षा अहिराणीच तोंडात. रंग सावळा, डोळे हसरे. येऊन बसली, मांडी घातली, पदर सारखा केला.

आणि माझ्या भीकमनं काय करावं? मी अजून एक शब्द विचारलेला नाही, तोच बदामबाईच्या कानाला लागून म्हणाला, "मासीसा, हीच." मला नाही, बदामबाईला! मी ते ऐकलं. पोटच्या पोरानं मला विचारायच्या आधी पसंती देऊन टाकली. कुणाला हसू येईल, पण मला तेव्हा अंगाची आग झाली. वीस वर्षं वाढवला मी, आणि त्याची पसंती बहिणीच्या कानात!

मग मी त्या पोरीला बसवून ठेवलं. एक स्तवन म्हण म्हटलं. म्हटलं तिनं. दुसरं म्हण. तेही म्हटलं. सुपातली डाळ निवडून दाखव. निवडली. नवकार किती वेळा म्हणतेस, पापड किती पातळ लाटतेस, मामाकडचे कोण, काकांकडचे कोण. तासाच्या वर झालं असेल. मी गादीवर, लोडाला टेकून. ती फरशीवर, पातळ बस्करावर, घट्ट मांडी घालून, हलायची सोय नाही. नवऱ्या मुलाकडच्यांसमोर कोण पाय पसरणार?

शेवटी शेवटी तिनं डाळीच्या सुपाआडून डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला आणि दाबला. पुन्हा दाबला. मग घोट्याजवळ चोळलं, हळूच, कुणाला दिसू नये असं. मला दिसलं. पायाला मुंग्या आल्या होत्या तिच्या. त्या पायाचं तिला भानच नव्हतं.

मी तेव्हाच थाळी मागवली.

"ऊठ बेटा," मी म्हटलं, "मोठ्यांना पाणी दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अकरा वर्षं विसरू शकले नाही. जरा थांबा म्हणायचं होतं तिला, पण म्हणता आलं नाही. थाळी घेतली, पुढे झुकली, आणि डावं पाऊल लुळं पडून मुडपलं. पडली असती. पण पोर हुशार. थाळी उजव्या हातावर तोलली, डावा तळहात जमिनीवर टेकला आणि उठली. एक थेंब सांडला नाही. लंगडत दोन पावलं चालली, तिसऱ्या पावलाला नीट झाली.

मी पेला घेतला, पाणी प्यायले आणि छकड्यात बसल्यावर म्हटलं, "पायात जोर नाही. डावा पाय अधू आहे."

बदामबाई म्हणाली, "बिचारी किती वेळ बसली होती, अनोखी."

"आपण नाही का बसत? घरची रीत आहे ती," मी म्हटलं. भीकम तोंड फिरवून बसला तो शहादा येईपर्यंत.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं होतं गोष्ट छकड्यातच राहील. पण आमच्या समाजात गोष्ट छकड्याच्या आधी गावात पोचते. मला बायका विचारायच्या, मी मान हलवायचे, "हो, पाय जरा…" एवढंच म्हणायचे. पुढचं त्या पुरं करायच्या. दोन वर्षांत तिच्यासाठी आलेली तीन स्थळं परत गेली. मग शहाद्यातल्याच दीपचंदजींना दिली तिला. अडतिशीचे, पहिली बायको गेलेली, दम्याचा माणूस. आमच्या घरापासून तिसरी गल्ली. म्हणजे माझं पाप रोज सकाळी पाण्याला जाताना माझ्या दारावरून जायचं, ताठ मानेनं, डोक्यावर दोन हंडे घेऊन.

मला सून मिळाली ती पेले घेऊन अशी उठली की जणू कुणी वरून उचललं. गुणी पोर आहे, माझी तक्रार नाही. पण पहिल्याच बाळंतपणात तिला ताप भरला आणि तीन महिने अंथरुणाला खिळली. पेल्यांच्या थाळीनं मला ते काही सांगितलं नव्हतं.

आता माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी पर्युषणात मी सामायिकाला बसले आणि वंदनेला उठायची वेळ आली तेव्हा उठताच येईना. मांडी घालून बसण्यात मला कुणी हरवणार नाही, सकाळपासून दुकानामागच्या खोलीत गादीवर मांडी घालूनच बसते मी. त्यामुळे माझी समजूत अशी की जिला बसता येतं तिला उठता येतंच. पुढे झुकले, जोर केला, बूड चार बोटं उचललं आणि धप्पकन खाली. शेजारच्या बाईनं बघितलं. मी पुंजणी शोधल्याचं सोंग केलं, जागा झाडली आणि हात टेकून उठले. दुसऱ्या दिवसापासून खांबाजवळ बसायला लागले. खांब धरला की उठता येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई सहज उभी राहिली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

घरात तापीबाई मालिश करायला यायची. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. तिला मी दार लावून विचारलं. तिनं मला खाली बसवलं, ऊठ म्हणाली, माझी धडपड बघितली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"हसू नको, बाई," मी म्हटलं. "संधिवात आहे का ते सांग."

तिनं गुडघे दाबले, घोटे फिरवले, मांडीचं मांस मुठीत धरून बघितलं. "सेठानी, गुडघा चांगला शेत. तुमना पायना दोष नही, गादीना दोष शे. पायले काम नही दिनं ते पाय काम ईसरी जास. सात वरीस सून पानी भरी ऱ्हायनी, सून दळी ऱ्हायनी, तुमी बठेल."

"बसणं म्हणजे काय कमी कष्ट?"

"बठाले जोर लागत नही, उठाले लागस," ती म्हणाली. "आनि वजन वाढनं ते आखो येगळंच."

मग तिनं शिकवलं. खरं तर मीच ते सगळं एके काळी करत होते, पण कसं करतो हे कधी बघितलंच नव्हतं. आधी टाचा अंगाजवळ ओढून घ्यायच्या, जितक्या जवळ तितकं बरं. हात पुढे धरायचे, तोल सावरायला. मग कमरेतून पुढे वाकायचं, इतकं की नाक पावलांच्या पुढे जावं. मी काय करत होते तर ताठ बसून वरच्या वर उठायला बघत होते. वजन मागे बुडावर, पाय पुढे, कशी उठणार? वजन पावलांवर आलं की मगच मांड्यांनी आणि कुल्ल्यांनी रेटा द्यायचा. पोट आवळायचं, श्वास कोंडायचा नाही, सोडत उठायचं. आणि पावलं एकमेकांवर आडवी असल्यामुळे उभं राहताना उभं राहायला जागा एवढीशीच मिळते, तिथे घोटे डुगडुगतात. तो तोल वेगळा शिकावा लागतो.

पहिले दोन महिने मी जमिनीवरून उठलेच नाही. तापीबाई चार गोधड्यांची घडी करायची, मी तिच्यावर बसून उठायचे. ते जमलं की एक घडी कमी. आणि बसताना धप्पकन पडायचं नाही, हळूहळू उतरायचं. "उतरता उतरताच पायमा जोर येस," ती म्हणायची. मांड्या अशा दुखायच्या की रात्री कूस बदलता येत नसे. चौथ्या महिन्यात मी जमिनीवरून उठले. डुगडुगत का होईना, पण हात न टेकता.

त्या दिवशी आनंदाच्या भरात मी तापीबाईला म्हटलं, "आमच्या सासूबाई बरोबर म्हणायच्या. बिनहाती उठली ती बाई खरी."

तापीबाई माझी पोटरी चोळत होती. "इतलंच समजस त्यावरथीन का पाय, कंबर आनि तोल आज कसा शे," ती म्हणाली. "बाकी ताप, छाती, बायतपन, ते देवले मालूम. आनि आज नही जमनं ते उद्या जमस. तुमले जमनं ना?" मग सहज बोलून गेली, "आते ती दीपचंद सेठनी दाखू. लोक म्हनतस तिना पाय अधू. भलतंच! तिना दोन्ही बायतपनले मीच व्हती. पाय दखा तिना, मांडी लाकडागत घट्ट. कोन म्हनं आशीन असं?"

मी पोटरी तिच्या हातातून सोडवून घेतली.

"ज्यास्त येळ मांडी घाली बठा का नस दबी जास, पाय बधिर व्हई जास," ती पुढे म्हणाली. "मंग पैलवान जरी आशीन तरी त्याले हात टेकनाच पडी. नही टेकना ते पडी, घोटा मोडी."

मी तिला पैसे दिले आणि लवकर घालवलं. मला रडू आलं होतं. 'मला ठाऊक नव्हतं' अशी सबब मी इतकी वर्षं स्वतःला देत होते, म्हणजे रीत होती, मी काय करणार, मला काय वैद्यकी कळते. तीही सबब त्या दिवशी मोडली. कारण मला कळलं होतं. सुपाआडून अंगठा दाबताना मी तिला बघितलं होतं आणि तोच मुहूर्त साधला होता. लाज म्हणजे काय ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ती गालांवर येत नाही, अन्नात येते. त्या रात्री मी ताट तसंच बाजूला सारलं.

तरी आणखी दोन संवत्सऱ्या मी पुटपुटण्यावर काढल्या. खोटं का सांगू!

यंदा सकाळी मांगलिकाचा पाठ झाला, साध्वी महासतीजी आत गेल्या, बायका खमतखामणा, म्हणजे क्षमेची देवघेव, करायला उठल्या-बसल्या. दाखू भिंतीशी बसली होती. मांडीवर धाकटा झोपलेला, शेजारी सात वर्षांची सिंधू. मी खांब सोडून सरळ तिच्यासमोर जाऊन बसले. पाच-सहा बायका आजूबाजूला होत्या.

"खमाऊं सा," मी म्हटलं. तिनं हात जोडले. ती तेच म्हणणार तोच मी म्हटलं, "थांब. मी कशाची क्षमा मागते ते आधी ऐक. तुझ्या पायाबद्दल जे गावात झालं ते माझ्या तोंडून झालं."

दाखूनं हात खाली घेतले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मले मालूम शे, काकीसा," ती म्हणाली. मग आवाज बारीक करून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये असं, "एक ईचारू का? खरं सांगशात?"

"विचार."

"मन्हा पायमा दोष व्हता का? तुमी मोठ्या, तुमी कितल्याक पोरी दखेल शेतस. मले वाटे तुमले काहीतरी दिसनं व्हई, जे मले समजत नही. मी रोज सकाय उठीसन वीस दाव उठबस करस, हात नही टेकत. आज अकरा वरीस झायात. तरी मन्ही भीती जात नही."

मला वाटलं जमीन दुभंगावी. अकरा वर्षं ही बाई माझ्या एका वाक्याला उत्तर देत होती, रोज वीस वेळा.

खोटं बोलायची एक वाट अजून होती. 'रीत होती गं, मला काय माहीत,' एवढं म्हटलं असतं तरी तिनं क्षमा केली असती. बायकांनीही मान डोलावली असती. मी तोंड उघडलं आणि तिच्याच अहिराणीत बोलले, म्हणजे नंतर मला अर्थ फिरवता येऊ नये.

"नही, बेटा. काहीच दोष नव्हता. तुन्हा पायले मुंग्या उन्या व्हत्यात. तू अंगठा दाबी ऱ्हायनी व्हती, ते मी दखं. दखीसनच तुले उठाडं. मन्हा आंडोरनी, भीकमनी, मले न ईचारता तुले पसंत कयं, त्याना राग मी तुन्हावर काढा."

कुणीतरी मागून 'अरे राम' म्हटलं. दाखूनं हळूहळू मान वळवली आणि सिंधूकडे बघितलं.

"ह्या पोरले बी मी रोज उठाडस," ती म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती ती, स्वतःशीच. "पाच वरीसनी व्हती तईपासून. हात टेकना का पायवर फटका देस. म्हनू, मन्हावानी हिले कोनी नाव ठेवाले नको."

तिनं सिंधूच्या पोटरीवरून हात फिरवला. पोरीनं पाय आत ओढून घेतला.

"सिंधू," दाखू म्हणाली, "ऊठ पाहू, माय. हात टेकीसन ऊठ."

पोरीला कळेना. तिनं आधी आईच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"टेक ना हात. कोनीच काही म्हनाव नही."

"नको," सिंधू म्हणाली. "तू मारशी."

"नही मारत, बेटा. आते कधीच नही मारत. टेक."

सिंधूनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले, टाचा जवळ ओढल्या, पुढे झुकली आणि उभी राहिली. कुठे हललीसुद्धा नाही. दारातून नुकत्याच आत आलेल्या दोघीतिघींना आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की एवढीशी पोर किती सुंदर उठली.

"वा गं बाई!" त्यांच्यातली एक म्हणाली. "याला म्हणतात वळण. कुणी शिकवलं गं तुला?"

सिंधूनं आईकडे बोट दाखवलं. दाखूनं तोंड पदरात घेतलं आणि ती रडायला लागली. मांडीवरचा धाकटा जागा झाला. तिनं मला 'खमाऊं सा' म्हटलं नाही, आणि मीही पुन्हा मागितलं नाही.